सीए इंटर, मे अटेम्प्ट: निकालापर्यंतचे तीन आठवडे कसे काढायचे आणि पुढचं काय ठरवून ठेवायचं?

पागोळी | १५ जून, रात्री ११.५२

मेमध्ये इंटरचे दोन्ही ग्रुप एकत्र दिलेत. राहायला लालबागला. निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित आहे. रोज रात्री कॉस्टिंगचा पेपर डोक्यात नव्याने सोडवला जातो. कधी ४४ मार्क येतात, कधी ३६. टेलिग्रामच्या तीन ग्रुपांवर रोज निकालाची नवी तारीख असते.

दोन प्रश्न आहेत. हे मार्क मोजणं थांबवायचं कसं? आणि निकाल काहीही लागला तरी उपयोगी पडेल असं आत्ता काय करता येईल? 'पॉझिटिव्ह राहा' सोडून काहीही सांगा.

---

पोटमाळा | १६ जून, सकाळी ८.१०

टेन्शन कशाला? दोन्ही ग्रुप एकत्र दिलेत ना, मग सहाशेपैकी तीनशे झाले की दोन्ही निघतात. एका ग्रुपचे मार्क दुसऱ्याला लागतात. आणि एखाद्या विषयात ६० आले की तो विषय कायमचा सुटला. एवढं लक्षात ठेव आणि झोप.

---

मुलुंडची_मावशी | १६ जून, सकाळी ९.३४

माझ्या भाच्याचंही असंच चाललंय. बारावीला एक विषय राहिलाय, पुरवणी परीक्षा देणार आहे. मला वाटतं घाबरायचं काही नाही, एखादा विषय राहिला तर तो एटीकेटीत घेऊन पुढच्या वर्गात बसता येतं ना? तुझंही तसंच होईल ग.

---

खतावणी | १६ जून, सकाळी १०.२०

मावशी, एटीकेटी दहावीला आणि कॉलेजच्या वर्गांना असते. बारावीला नाही आणि सीएला तर नाहीच. भाच्यासाठी वेगळा धागा काढा, पुरवणीची माहिती असलेली मंडळी इथे बरीच आहेत.

पोटमाळा यांचं अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धंच नेमकं महागात पडतं, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्रुप निघायला दोन अटी आहेत: प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या तीनशेपैकी किमान १५०. दोन्ही ग्रुप एकाच अटेम्प्टला दिले असतील तर सहाशेत ३०० झाले तरी चालतात, म्हणजे एकाचं जास्तीचं दुसऱ्याला मिळतं. आपण ज्याला सेट-ऑफ म्हणतो ते हेच. पण सहाही पेपरांत चाळीस हवेतच. एका पेपरात ३९ असले तर सहाशेत ३५० मिळाले तरी तो ग्रुप निघत नाही. चाळिशीच्या आतल्या पेपराला सेट-ऑफ हात लावत नाही.

एक्झम्प्शनचं असं आहे की ग्रुप राहिला, पण त्यातल्या एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त आले आणि ग्रुपचे सगळे पेपर दिलेले असले, तर त्या पेपराला पुढचे तीन अटेम्प्ट सूट. कायमची नाही. तीन अटेम्प्ट संपल्यावर नव्या स्कीममध्ये ती कायम ठेवायचा पर्याय आहे, पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० नव्हे तर ५० लागतात. घेण्याआधी विचार करावा असा तो सौदा आहे.

पागोळी, तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या मते एकच आहे. डोकं रात्री मार्क मोजतं ते 'असं झालं तर मी काय करणार' हे कुठे लिहिलेलं नाही म्हणून. तुझे सहाही पेपरांचे अंदाज इथे टाक. एक आकडा नको. कमीत कमी आणि जास्तीत जास्त, असे दोन दे.

---

आडवा_बोळ | १६ जून, सकाळी ११.०५

खतावणी, हा तर आणखी मार्क मोजण्याचा उद्योग झाला. ती त्यातूनच बाहेर पडायला बघतेय. माझं म्हणणं साधं आहे: उद्यापासून ग्रुप दोन राहिला असं धरून अभ्यासाला बसायचं. निघाला तर बोनस.

---

खतावणी | १६ जून, दुपारी १२.४०

फरक आहे. रोज रात्री मनात मोजणं वेगळं आणि एकदाच कागदावर मोजून पाकीट बंद करणं वेगळं. मनात मोजताना पेपर दर वेळी थोडा बदलतो. काल पूर्ण सुटलेला प्रश्न आज अर्धा सुटलेला वाटतो. नवी माहिती शून्य, आकडा मात्र नवा. कागदावर प्रत्येक प्रश्नासमोर दोन रकाने करायचे. एकात 'नक्की मिळतील', दुसऱ्यात 'सढळ हाताने तपासला तर मिळतील'. एमसीक्यूचे ३० मार्क वेगळे मोजायचे, कारण तिथे अर्धं काही नसतं, एकतर पूर्ण नाहीतर शून्य. उरलेल्या ७० मध्ये स्टेप मार्किंग असतं, म्हणून दोन आकड्यांत आठ-दहाचं अंतर राहणारच. ते अंतर निकालाआधी कुणालाही कमी करता येत नाही, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पुन्हा मोजण्यात अर्थ उरत नाही. एका पेपराला दहा मिनिटं, सहांना तासभर. मग कागद पाकिटात, पाकीट कपाटात.

---

पागोळी | १६ जून, रात्री १०.१५

केलं. तासाऐवजी दोन तास लागले.

अकाउंट्स ४८ ते ५८, लॉ ४२ ते ५०, टॅक्स ६० ते ६६. कॉस्टिंग ३६ ते ४६, ऑडिट ५० ते ५६, एफएम-एसएम ४८ ते ५५.

---

खतावणी | १७ जून, सकाळी ७.५०

छान. आता बेरजा कर. ग्रुप एक १५० ते १७४. ग्रुप दोन १३४ ते १५७. एकूण २८४ ते ३३१. अंदाज आहेत, दोन-चार मार्क इकडेतिकडे होणार. पण यातून चारच वाटा निघतात.

पहिली वाट, दोन्ही निघाले. यात सेट-ऑफही धर. समज ग्रुप एक १६२, ग्रुप दोन १४०, कॉस्टिंग ४१. ग्रुप दोन स्वतःच्या बळावर राहिला असता, पण बेरीज ३०२ आणि सगळीकडे चाळीस, म्हणून दोन्ही पार. उलटंही होतं. ग्रुप एक १४८ आणि ग्रुप दोन १५२ असले तरी बेरीज बरोबर ३००, दोन्ही निघाले.

दुसरी वाट, वरचंच सगळं पण कॉस्टिंग ३८. ग्रुप एक १६२, तो निघाला. ग्रुप दोन राहिला, बेरीज तीनशेच्या वर गेली असती तरी राहिलाच असता. ऑडिट जास्तीत जास्त ५६ म्हणजे एक्झम्प्शनही नाही. पुढच्या वेळी तिन्ही पेपर पुन्हा.

तिसरी, फक्त ग्रुप दोन निघाला. तुझ्या आकड्यांत ही जवळजवळ अशक्य आहे. एक ओळ लिही आणि सोडून दे.

चौथी, दोन्ही राहिले. समज ग्रुप एक १४८ आणि ग्रुप दोन १४४. बेरीज २९२. पण टॅक्समध्ये ६३ असतील तर त्याला एक्झम्प्शन. ते ६३ पुढच्या वेळी ग्रुपच्या बेरजेत धरले जातात, म्हणजे १५० मधून ६३ गेले, उरले ८७. अकाउंट्स आणि लॉ मिळून ८७, दोन्हींत चाळीसच्या वर. ४५ आणि ४२ ला ग्रुप एक निघतो. निकालाच्या दिवशी 'दोन्ही राहिले' एवढंच दिसतं, हे ८७ कुणाला दिसत नाहीत. म्हणून आजच लिहून ठेव.

---

पागोळी | १७ जून, सकाळी ९.२२

८७ चं माहीत नव्हतं. मी धरून चालले होते की चौथी वाट म्हणजे सहाही पेपर पहिल्यापासून.

मग सगळं कॉस्टिंगच्या चाळीसवर येऊन थांबतंय का?

---

खतावणी | १७ जून, सकाळी ९.४०

बरंचसं. सहा पेपरांची काळजी करण्यापेक्षा एकाची करणं स्वस्त पडतं.

---

स्वप्ना_माहीम | १७ जून, दुपारी २.३०

परीक्षांच्या काळात विद्यार्थ्यांशी बोलण्याचं काम करते, तेवढ्यापुरतं लिहिते. मार्कांचं मला काही कळत नाही.

रात्री डोकं चालू राहतं त्यामागे एक साधं कारण असतं: दिवसभर फोन आणि लोक यांत काळजीला जागाच मिळत नाही, मग ती आडवं पडल्यावर येते. म्हणून तिला संध्याकाळची वेळ द्यायची. साडेसहा ते पावणेसात, टेबलाशी बसून, पेन हातात. पलंगावर नाही. मनात येईल ते लिहायचं आणि प्रत्येक ओळीपुढे एक खूण करायची: यावर आज काही करता येतं का, की निकालानंतरच? आज करता येण्यासारखं असेल ते उद्याच्या यादीत जातं. बाकीचं तिथेच राहतं. रात्री तोच विचार आला तर 'उद्या साडेसहाला' म्हणायचं. पहिले तीन-चार दिवस हे चालत नाही, हेही आधीच सांगते. बरेच जण दुसऱ्या दिवशीच सोडून देतात.

टेलिग्राम पूर्ण बंद करायची गरज नाही. निकालाची तारीख संस्थाच जाहीर करते, तीही निकालाच्या आधी. ती बघायला दिवसातून एकदा icai.org उघडलं की पुरे, दुपारच्या जेवणानंतर. ग्रुप म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकायचे.

आणि दोन आठवडे सलग झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल किंवा 'नसलेलंच बरं' असे विचार येत असतील, तर हा धागा त्यासाठी पुरेसा नाही. १४४१६ ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. घरात एका माणसाला सांगायचं आणि फोन लावायचा.

---

पागोळी | १७ जून, संध्याकाळी ७.०५

झोप उशिरा लागते, पण लागते. जेवण तर जास्तच चाललंय. साडेसहाचं आजपासून सुरू केलंय. यादीत अकरा ओळी झाल्या, त्यातल्या दोन आजच्या. एक म्हणजे आयसीआयटीएसएस. माझं ओरिएंटेशन झालंय, आयटी राहिलंय.

---

खतावणी | १७ जून, रात्री ९.३०

मग उत्तर तुझ्याच यादीत आहे. आयटीचे १५ दिवस. चारही वाटांवर हे लागणारच आहे, कारण ते झाल्याशिवाय आर्टिकलशिप सुरू होत नाही. निकाल लागला की त्याच आठवड्यात पास झालेली सगळी मुलं बॅच शोधत फिरतात आणि मुंबईतल्या जवळच्या बॅचेस भरून जातात. मग कुणी बोरिवलीहून कल्याणला जातं. आत्ता तुलनेने रिकाम्या असतात.

फक्त बॅचची शेवटची तारीख बघून नोंदणी कर. ती निकालाच्या अपेक्षित दिवसापुढे जाता कामा नये. पुढे गेली आणि ग्रुप राहिला असला, तर अभ्यासाचे पहिले आठ-दहा दिवस वर्गात बसण्यात जातात. वर्ग दिवसभराचा असतो आणि हजेरी काटेकोर घेतात. जूनचा पाऊस आणि हार्बर लाइन हा हिशेबही धर. शक्यतो चालत किंवा एका बसने जाता येईल असं सेंटर निवड.

---

आडवा_बोळ | १७ जून, रात्री १०.१०

आणि अभ्यास? दिवसभर वर्गात बसली तर कॉस्टिंग कधी?

---

खतावणी | १७ जून, रात्री १०.४५

रोज एक मोठं गणित, पाऊण तास, कागदावर, घड्याळ लावून. बस. एक दिवस प्रोसेस कॉस्टिंग, दुसऱ्या दिवशी स्टँडर्ड, मग मार्जिनल, जॉइंट प्रॉडक्ट, सर्व्हिस कॉस्टिंग, बजेट. आठवडाभराने कळतं की कुठे हात अडतो. वाचून कळत नाही, कारण सोडवलेलं गणित वाचताना सगळंच येतं असं वाटतं.

बाकी पाच विषय आत्ता उघडायचे नाहीत. सहाही पुन्हा सुरू केले की निकालापर्यंत प्रत्येकाचं एकेक प्रकरण होतं आणि मुलगी थकून निकालाला पोचते.

---

आडवा_बोळ | १७ जून, रात्री ११.००

हे मला पटत नाही. काठावरचा लॉसुद्धा आहे, ४२. लॉ विसरायला महिना पुरतो. मी असतो तर लॉला रोज अर्धा तास दिला असता.

---

खतावणी | १८ जून, सकाळी ७.१५

लॉ विसरतो हे मान्य. पण तिच्या आकड्यांत लॉ पुन्हा द्यावा लागतो तो फक्त चौथ्या वाटेत, कॉस्टिंग मात्र दुसऱ्या आणि चौथ्या, दोन्हींत. शेवटी तिचं तिने ठरवावं.

---

शिवडी_हार्बर | १८ जून, दुपारी १.१५

निकालानंतर फॉर्म भरायला किती वेळ असतो? मागे एकाचा चुकला होता.

---

खतावणी | १८ जून, दुपारी ३.००

मुळात घाई तिथेच असते. आता इंटर वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे, सप्टेंबर. २०२५ मध्ये मेचा निकाल ६ जुलैला लागला आणि सप्टेंबरची परीक्षा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली, म्हणजे हातात दोन महिने. परीक्षेचा फॉर्म निकालाच्या आसपासच उघडतो आणि साधारण दोन आठवडे राहतो. नंतर दोन-तीन दिवस ६०० रुपये लेट फी देऊन. एका ग्रुपला १५००, दोन्हींना २७०० रुपये.

म्हणजे 'एक ग्रुप देऊ की दोन्ही' हा निर्णय मन सगळ्यात खचलेलं असतं त्या दोन आठवड्यांतच घ्यावा लागतो. दोन प्रकारच्या चुका होतात. कुणी रागाने दोन्ही ग्रुप भरतो आणि सहा विषय दोन महिन्यांत उरकत नाहीत. कुणी 'आत्ता नकोच' म्हणून अटेम्प्ट सोडतो आणि जानेवारीपर्यंत सगळं थंड होतं. म्हणून निर्णय आत्ता लिहून ठेवायचा. दुसऱ्या वाटेत ग्रुप दोनचा फॉर्म निकालापासून ४८ तासांत. चौथ्या वाटेत फक्त ग्रुप एक, कारण ८७ मार्कांचं गणित तिथे सोपं आहे, आणि ग्रुप दोन जानेवारीत.

---

पोटमाळा | १८ जून, दुपारी ४.२०

चौथ्या वाटेत दोन्ही भरायला हवेत. सेट-ऑफचा फायदा दोन्ही एकत्र दिले तरच मिळतो, तुम्हीच लिहिलंय. आणि दोनदा वेगवेगळं देण्यात चार महिने जातात, आर्टिकलशिप तेवढी पुढे.

---

खतावणी | १८ जून, सायंकाळी ५.०५

मुद्दा बरोबर आहे. नव्या स्कीममध्ये दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय आर्टिकलशिप नाही, त्यामुळे चार महिने खरंच जातात. तरीही दोन महिन्यांत पाच पेपर, त्यात काठावरचं कॉस्टिंग, हे मी कुणाला सहज सुचवणार नाही. दिवसाला नऊ-दहा तास खरोखर होत असतील तर भरा. रजिस्टरमध्ये तास लिहायची सवय असलेल्या मुलांना आपले तास माहीत असतात, बाकीचे अंदाजाने दहा सांगतात आणि सहा भरतात.

---

शिवडी_हार्बर | १८ जून, सायंकाळी ६.४०

रीचेकिंगला टाकलं तर ३८ चे ४० होतात का? दोनच मार्क तर हवेत.

---

पोटमाळा | १८ जून, सायंकाळी ६.५५

होतात की. पैसे भरायचे, पेपर पुन्हा तपासतात.

---

खतावणी | १८ जून, रात्री ८.३०

पुन्हा तपासत नाहीत, आणि ही चूक दर निकालाला होते. सीएला पुनर्मूल्यांकन नाही. व्हेरिफिकेशन आहे: पेपरला १०० रुपये, जास्तीत जास्त ४००, निकालापासून ३० दिवसांच्या आत. त्यात एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, बेरीज चुकली का, एवढंच बघतात. 'या उत्तराला दोनऐवजी चार द्यायला हवे होते' हा मुद्दा तिथे चालत नाही.

दुसरी सोय म्हणजे उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत, पेपरला ५०० रुपये, मुदत तीच. दुसऱ्या वाटेत कॉस्टिंगची प्रत मागव. मार्क वाढतील म्हणून नको, ३८ का झाले ते कळायला हवं म्हणून. प्रत आली की तीन गोष्टी बघ. शेवटचे प्रश्न कोरे राहिलेत का, म्हणजे वेग कमी पडला. उत्तर चुकलंय पण वर्किंग नोट्स नाहीत म्हणून स्टेपचे मार्क गेलेत का. की पद्धतच चुकली आहे. वेग कमी पडला असेल तर नवी थिअरी वाचून उपयोग नाही, तीन तासांचे पूर्ण पेपर सोडवावे लागतात. वर्किंग नोट्स नसतील तर लिहिण्याची सवय बदलावी लागते, त्याला पंधरवडा पुरतो. पद्धत चुकली असेल तर मात्र ते प्रकरण पहिल्यापासून.

प्रत यायला वेळ लागतो. तिची किंवा व्हेरिफिकेशनची वाट बघत फॉर्म थांबवायचा नाही.

---

पागोळी | १८ जून, रात्री १०.५०

दुसरी वाट लागली तर दिवस कसे वाटायचे? ग्रुप दोनचे पेपर नंतर असतात म्हणजे मला आठवडाभर जास्त मिळेल, बरोबर?

---

खतावणी | १९ जून, सकाळी ७.३०

बरोबर. साधारण नऊ आठवडे धर. पहिला आठवडा हलका, तीन-चार तासच, त्यात फॉर्म आणि प्रतीचा अर्ज. पुढचे पाच आठवडे रोज सकाळी कॉस्टिंग, दुपारनंतर दुसरा एक विषय: तीन आठवडे एफएम-एसएम, दोन आठवडे ऑडिट. सातव्या आणि आठव्या आठवड्यात प्रत्येक विषयाचे दोन पूर्ण पेपर, तीन तास, दुपारी दोनला बसून. नववा फक्त उजळणीचा.

ऑडिटमध्ये तुझे ५० ते ५६ आहेत. तिथे ६० पर्यंत जायची हाव धरू नको, ते दहा मार्क फार महाग असतात. तेच तास कॉस्टिंगला ४० वरून ४८ वर नेतात आणि बेरीज तिथून बनते.

आता लालबागचं. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर. त्या दिवसांत तुमच्या भागात रात्री अभ्यास होत नाही, रांगा आणि लाउडस्पीकर पहाटेपर्यंत असतात. दर वर्षी तारीख हलते, तेव्हा यंदाचं कॅलेंडर बघ. परीक्षेच्या आसपास येत असेल तर दहा दिवस राहायची दुसरी जागा आत्ताच विचारून ठेव.

---

मुलुंडची_मावशी | १९ जून, सकाळी ११.१५

ये ग आमच्याकडे, खोली रिकामी आहे. (गंमत नाही करत.)

पण मला एक सांगा, घरच्यांनी निकालाच्या दिवशी काय करावं? आमच्याकडे सकाळपासून सगळे फोन करतात.

---

स्वप्ना_माहीम | १९ जून, दुपारी १२.४०

मावशी, हा प्रश्न फार कुणी विचारत नाही. आदल्या दिवशी घरात तीन गोष्टी ठरवायच्या. निकाल कोण बघणार: तिने एकटीने की आईबरोबर. बाहेर कोण सांगणार: एकच माणूस, संध्याकाळी सातनंतर, एकच मेसेज सगळ्यांना. आणि राहिला तर पहिला तास कुणी 'आता पुढे काय' विचारायचं नाही. पुढचं कागदावर आहे, ते दुसऱ्या दिवशी काढायचं. जेवण नेहमीच्या वेळी.

---

खतावणी | १९ जून, दुपारी १.३०

तांत्रिक बाजू मी जोडतो. icai.nic.in वर रजिस्ट्रेशन नंबर आणि रोल नंबर लागतो. दोन्ही एका चिठ्ठीवर लिहून ठेव. त्या घाईत हॉल तिकिटाचा फोटो फोनमध्ये सापडत नाही. साइट पहिला अर्धा तास जड चालते, पान उघडलं नाही म्हणजे काही बिघडलं असं नाही. रोल नंबर टेलिग्रामवर 'मी बघून देतो' म्हणणाऱ्याला द्यायचा नाही. आणि आधी 'पास-फेल' न बघता सहा आकडे कागदावर उतरव. बेरीज स्वतः कर, चार वाटांपैकी कुठली ते ओळख. दोन मिनिटांचं काम आहे, पण हात कामाला लागतो.

---

शिवडी_हार्बर | १९ जून, दुपारी २.१०

पहिल्या वाटेबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. दोन्ही निघाले तर?

---

खतावणी | १९ जून, दुपारी ४.००

तिथे लोक सगळ्यात बेसावध असतात. आठवडाभर पेढे, आणि मग चांगल्या जागा गेलेल्या. आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे आणि ती संपून आणखी सहा महिने झाल्यावरच फायनलला बसता येतं. सुरुवात महिनाभर लांबली तर एखादा अटेम्प्ट पुढे सरकू शकतो.

एक पानी रेझ्युमे आत्ता तयार ठेव, मार्कांची जागा रिकामी सोडून. दहा फर्मची यादी कर: तीन मोठ्या, पाच मध्यम, दोन लहान. मोठ्या फर्मचं नाव रेझ्युमेवर चांगलं दिसतं, पण सहा महिने एकाच कंपनीच्या फिक्स्ड ॲसेट्सला टिका मारण्यात जाऊ शकतात. फोर्टातल्या सहा-आठ माणसांच्या फर्ममध्ये जीएसटी रिटर्न, टॅक्स ऑडिट, नोटिशीचं उत्तर, सगळं हाताखालून जातं, पण शिकवायला वेळ कुणाला नसतो. मुलाखतीत हे विचारायचं: क्लायंट कुठे आहेत, बाहेरगावी किती दिवस, रजा किती, आत्ताची आर्टिकल्स किती वेळ थांबतात. शेवटचा प्रश्न आर्टिकललाच विचार, पार्टनरला नको.

फर्म बदलणं नंतर सोपं नसतं, म्हणून पहिल्या होकाराला लगेच हो म्हणू नको. जॉइन झाल्यावर १०२ आणि १०३ हे फॉर्म ३० दिवसांच्या आत जातात, ते स्वतः पाठपुरावा करून बघ. आणि बी.कॉम. चालू असेल तर ११२ नंबरच्या फॉर्मने परवानगी घ्यावी लागते. बरेच जण विसरतात.

---

आडवा_बोळ | १९ जून, सायंकाळी ५.२०

मध्यम फर्मच घ्यावी. मोठीबद्दलचं तुमचं मत जरा जुनं वाटतं, आता तिथे विभाग बदलून देतात.

---

खतावणी | १९ जून, सायंकाळी ५.४५

काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी फक्त मुलाखतीत देतात. म्हणूनच आर्टिकलला विचारायला सांगितलं.

---

पागोळी | २१ जून, रात्री ९.०५

आयटीची बॅच मिळाली, दादरला, सोमवारपासून. निकालाच्या आत संपते असं दिसतंय. दोन्ही बाजू लिहून कागद पाकिटात गेलाय. दुसऱ्या वाटेपुढे 'ग्रुप दोन, १५०० रु., कॉस्टिंगची प्रत ५०० रु.' आणि चौथ्यापुढे फक्त '८७' लिहिलंय. लॉला रोज वीस मिनिटं देणार आहे, आडवा_बोळ यांचं थोडं ऐकून. पाकीट आईकडे दिलं. ती विचारत होती, यात पैसे आहेत का.

चौथ्या वाटेत दोन्ही भरू की एकच, ते अजून ठरत नाहीये. तिथे पेन्सिलने लिहिलंय.

मावशी, गणपतीत खरंच येऊ का?

---

मुलुंडची_मावशी | २१ जून, रात्री ९.३०

येच. फक्त आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, तेवढ्यात आरतीला उठावं लागेल.